सॉटूथच्या सिरीजमधून 1/n² ची बेरीज: x ला किंमत देऊन का जमत नाही, आणि कशाने जमतं

प्रश्न: ऐरोलीला सेकंड इयर इंजिनिअरिंगला आहे. f(x) = x, −π < x < π ची फोरियर सिरीज काढली: x = 2(sin x − sin 2x/2 + sin 3x/3 − …). पुढे विचारलंय की यावरून 1 + 1/4 + 1/9 + … = π²/6 दाखवा. x = π घातलं तर उजवीकडे शून्य येतं, x = π/2 घातलं तर π/4 ची सिरीज येते. दोन्ही बाजू डिफरन्शिएट करून x = 0 घातलं तर काहीच्या काही येतं. वर्ग आणायचे कुठून?

उत्तर:

सिरीज चिन्हांसकट बरोबर आहे. π/4 ही बरोबर आहे, आणि x = π ला आलेलं शून्यसुद्धा. तिथे करवतीचा दात π वरून थेट −π वर पडतो, आणि उडीच्या जागी फोरियर सिरीज दोन्ही टोकांच्या बरोबर मधोमध उभी राहते. π आणि −π यांचा मध्य शून्य. म्हणजे त्या ओळीत तुमची चूक नाही, पण त्या ओळीतून माहितीही काही मिळत नाही.

खरी अडचण छेदात आहे. प्रत्येक पदात n एकदाच येतो. x ला कुठलीही किंमत दिली तरी sin(nx) फक्त −1 ते 1 मध्ये हिंडणार. तो दुसरा n कुठून आणणार? म्हणून x बदलत बसलात तर 1 − 1/3 + 1/5 अशाच जातीच्या बेरजा हाती येतील. डिफरन्शिएट करणं तर उलट्या दिशेचं पाऊल आहे. छेदात होता तो एक n सुद्धा त्यात जातो आणि उरतं 1 = 2(cos x − cos 2x + cos 3x − …). याची पदं लहानच होत नाहीत, त्यामुळे बेरीज ठरत नाही. x = 0 ला 1 − 1 + 1 − 1 असं टांगलेलं राहतं. सलग फंक्शन असतं तर पदागणिक डिफरन्शिएशन कदाचित खपून गेलं असतं, पण इथे उडी आहे.

छेदात दुसरा n आणायला दोनच सरळ रस्ते आहेत: सिरीजचा वर्ग करून त्याची सरासरी घ्यायची, नाहीतर सिरीज एकदा इंटिग्रेट करायची. कुठला घ्यायचा ते प्रश्न कसा विचारलाय त्यावर आहे. 'पार्सेव्हल' हा शब्द असेल तर पहिलाच रस्ता लिहावा लागेल. नुसतं 'यावरून दाखवा' असेल तर दोन्ही चालतात. फळ्यावर मी सॉटूथसाठी पहिलाच घेतो, कारण त्यात वर्ग नेमका कुठून येतो ते डोळ्यांसमोर दिसतं.

पार्सेव्हलचं सूत्र तूर्त बाजूला ठेवा आणि सिरीजची पहिली दोनच पदं घ्या: 2 sin x − sin 2x. याचा वर्ग असा:

4 sin²x − 4 sin x · sin 2x + sin²2x

आता या तिन्ही तुकड्यांची −π ते π मधली सरासरी काढा. सरासरी म्हणजे इंटिग्रल भागिले 2π. sin² ची एका पूर्ण आवर्तनावरची सरासरी 1/2 असते, मग आत x असो, 2x असो की 17x. म्हणून पहिल्या तुकड्याचे 2 आणि तिसऱ्याचा 1/2. मधला तुकडा? sin x · sin 2x म्हणजे (cos x − cos 3x)/2, आणि दोन्ही कोसाइनची सरासरी शून्य. तो तुकडा पूर्ण गेला. उरलं 2 + 1/2, म्हणजेच 2(1 + 1/4).

सगळी गंमत या एका ओळीत आहे. पदाचा सहगुणक 2/n होता. वर्ग केल्यावर 4/n² झाला. सरासरीने निम्मा होऊन 2/n² उरला. चिन्हं वर्गात विरली, त्यामुळे वजा-अधिकचा घोळ आपोआप मिटला. आणि वेगवेगळ्या n चे तिरपे गुणाकार सरासरीत शून्य झाले. नुसता वर्ग केलात आणि सरासरी घेतली नाहीत तर हे तिरपे गुणाकार जात नाहीत. π/4 च्या सिरीजचा वर्ग करून काही हाती लागत नाही ते यामुळेच.

पहिली N पदं घेतली तर त्यांच्या बेरजेच्या वर्गाची सरासरी

2(1 + 1/4 + 1/9 + … + 1/N²)

इतकी येते. आता डावीकडचा x घ्या. x² ची −π ते π मधली सरासरी:

(1/2π) · (2π³/3) = π²/3

सगळी पदं घेतल्यावर दोन्ही बाजू एकच असतील, तर 2S = π²/3, म्हणजे S = π²/6. (बेरजेला इथून पुढे S म्हणू.) हे उत्तर ऑयलरने १७३० च्या दशकात काढलं तेव्हा फोरियरचा जन्मही झाला नव्हता, त्याचा रस्ता अगदी वेगळा होता. पण सॉटूथच्या रस्त्याने चार ओळींत पोचता येतं ते असं.

'सगळी पदं घेतल्यावर दोन्ही बाजू एकच असतील' हे मी वर अलगद सरकवून दिलंय. त्याकडे परत येतो. आधी त्या चुका बघू ज्यांनी मार्क जातात.

तीन चुका हमखास दिसतात आणि तिन्ही स्थिर संख्यांच्या आहेत. sin² च्या सरासरीचा 1/2 विसरलात तर 4S = π²/3 होतं आणि उत्तर π²/12 येतं. डावीकडे 1/2π ऐवजी 1/π ने गुणलंत आणि उजवीकडे 2S तसंच ठेवलंत तर π²/3 येतं. पुस्तकात पार्सेव्हल कधी 1/π लावून लिहिलेलं असतं, कधी 1/2π लावून; दोन्ही रूपं बरोबर आहेत, फक्त एकाची डावी बाजू आणि दुसऱ्याची उजवी बाजू एकत्र आली की घोटाळा होतो. सूत्र पाठ करण्याऐवजी 'डावीकडे वर्गाची सरासरी, उजवीकडे प्रत्येक पदाच्या वर्गाची सरासरी' एवढंच धरून ठेवलंत तर ही चूक होणारच नाही.

तिसरी चूक अंतर बदललं की होते. तोच प्रश्न f(x) = x, 0 < x < 2π असा आला तर सिरीज

x = π − 2(sin x + sin 2x/2 + sin 3x/3 + …)

अशी येते. पुढचा π हेही एक पद आहे. त्याच्या वर्गाची सरासरी π², तीही निम्मी न होता, कारण स्थिर संख्येची सरासरी ती संख्याच. x² ची 0 ते 2π मधली सरासरी 4π²/3. म्हणून 4π²/3 = π² + 2S, आणि S परत π²/6. तो π² विसरलात तर S = 2π²/3 म्हणजे साधारण ६.५८ येईल. इथे a₀ आणि a₀/2 चा गोंधळही होतो: सिरीजमध्ये a₀/2 लिहायची पद्धत असेल तर a₀ = 2π आणि स्थिर पद π. वर्ग स्थिर पदाचा करायचा, a₀ चा नाही.

उत्तर चुकलंय हे पेपरातच ओळखायला एक साधं कुंपण घालून ठेवा. पहिली तीन पदं: 1 + 0.25 + 0.1111 = 1.3611. उरलेल्या शेपटाला दोन्हीकडून बांधता येतं. 1/n² हे 1/(n−1) − 1/n पेक्षा लहान आणि 1/n − 1/(n+1) पेक्षा मोठं असतं, आणि हे फरक एकामागून एक खोडले जातात. म्हणून n = 4 पासूनची सगळी शेपटी 1/4 पेक्षा मोठी आणि 1/3 पेक्षा लहान. बेरीज १.६११ आणि १.६९५ च्या मध्येच असणार. π²/6 = १.६४४९ आत बसतं. π²/12 (०.८२), π²/8 (१.२३), π²/3 (३.२९) सगळी बाहेर. ऐरोली ते ठाणे लोकलमध्ये उभ्या उभ्या होईल इतकंच हे गणित आहे, आणि सहगुणकाची जवळजवळ प्रत्येक चूक त्यात अडकते.

इलेक्ट्रॉनिक्सला असाल तर हीच गोष्ट लॅबमध्ये दिसते. फंक्शन जनरेटरवर १ व्होल्ट पीकची सॉटूथ घ्या, ऑफसेट शून्य. तिचा आरएमएस 1/√3 म्हणजे ०.५७७ व्होल्ट, हाच तो 'वर्गाच्या सरासरीचं वर्गमूळ'. स्कोपवर एफएफटी लावली की पहिलं हार्मोनिक ०.४५० व्होल्ट आरएमएस, दुसरं ०.२२५, तिसरं ०.१५० असं दिसायला हवं: 1, 1/2, 1/3 च्या प्रमाणात. त्यांचे वर्ग करून मिळवा: ०.२०२५ + ०.०५०६ + ०.०२२५ = साधारण ०.२७६. पूर्ण बेरीज ०.३३३ व्हायची आहे, म्हणजे पहिल्या तिघांनी जवळपास ८३ टक्के पॉवर उचलली. पहिल्या एकट्याचा वाटा 6/π², सुमारे ६१ टक्के. दहा हार्मोनिक्सपर्यंत ९४ टक्के. पार्सेव्हल म्हणजे हा पॉवरचा हिशोबच आहे: अख्ख्या वेव्हची पॉवर तिच्या हार्मोनिक्समध्ये विभागलेली असते, एक कणही इकडेतिकडे जात नाही. फक्त साध्या मल्टिमीटरने आरएमएस मोजू नका. बरेच मीटर एकदिश केलेल्या वेव्हची सरासरी घेऊन तिला १.११ ने गुणतात. ते साइनसाठी ठीक, पण सॉटूथला ०.५ × १.११ म्हणजे ०.५५५ दाखवतात. 'ट्रू आरएमएस' लिहिलेला मीटर हवा. आणि ऑफसेट चुकून राहिला तर तो वरच्या 0 ते 2π मधल्या स्थिर पदासारखाच हिशोबात घुसतो.

आता तो अलगद सरकवलेला भाग. x मधून पहिल्या N पदांची बेरीज S_N(x) वजा केली की जी चूक उरते, तिच्या वर्गाची सरासरी काढली तर नेमकं हे मिळतं:

(1/2π) ∫ (x − S_N)² dx = π²/3 − 2(1 + 1/4 + … + 1/N²)

यात अनंताचा प्रश्नच नाही. N कुठलाही असो, ही ओळ साध्या इंटिग्रेशनने येते. डावी बाजू वर्गांची सरासरी आहे, म्हणून ऋण असूच शकत नाही. तेव्हा S हे π²/6 पेक्षा मोठं नाही हे फुकटात मिळालं. पण 'मोठं नाही' म्हणजे 'इतकंच आहे' नव्हे. बरोबरी हवी असेल तर डावी बाजू N वाढवताना शून्याकडे जाते हे दाखवायला हवं. एखादं हार्मोनिक सिरीजमध्ये घ्यायचं राहून गेलं असतं तर डावी बाजू शून्यावर न येता मध्येच थांबली असती, आणि बेरीजही कमी भरली असती.

इथेच मुलांना एक रास्त शंका येते: उडीजवळ तर S_N वर उसळी मारते आणि ती उसळी जात नाही, मग चूक शून्य कशी होणार? उसळी खरी आहे. N कितीही वाढवा, दाताच्या टोकाजवळ S_N चं शिंग ३.७० च्या आसपास पोचतं, जिथे x जेमतेम ३.१४ आहे, उडीच्या उंचीच्या सुमारे ९ टक्के. हेन्री विलब्रहॅमने १८४८ मध्ये ते टिपलं होतं, पण नाव गिब्जचं लागलं. मात्र शिंगाची उंची टिकली तरी रुंदी टिकत नाही. ते टोकापासून π/(N+1) अंतरावर असतं, म्हणजे N वाढेल तसं टोकाला चिकटत जातं. उंच पण सुईसारख्या शिंगाखालचं क्षेत्रफळ शून्याकडे जातं, आणि आपल्याला सरासरीशीच मतलब आहे. x = π या एका बिंदूवर काय होतं त्याने सरासरीला काहीच फरक पडत नाही. तुमच्या पहिल्या प्रयत्नात हाच बिंदू आडवा आला होता. इथे तो निरुपद्रवी आहे.

इंजिनिअरिंगच्या पेपरात 'पार्सेव्हलच्या प्रमेयानुसार' एवढं लिहिलं की पुरतं. प्रमेय मर्यादित, तुकड्यातुकड्याने सलग अशा फंक्शनला लागू पडतं आणि सॉटूथ तशीच आहे. बीएस्सी गणिताला असाल, किंवा प्रमेयावर न विसंबता खात्री करून घ्यायची असेल, तर सॉटूथसाठी हाताने दाखवता येतं. टोकापासूनचं अंतर y = π − x धरा. मग (−1)^(n+1) sin nx = sin ny होतं आणि चूक

R(y) = π − y − 2(sin y + sin 2y/2 + … + sin Ny/N)

अशी लिहिता येते. y = π ला R शून्य आहे. R डिफरन्शिएट करा. पदं मोजकी आहेत, त्यामुळे इथे काही धोका नाही. कोसाइनच्या बेरजेचं नेहमीचं सूत्र लावलं की R′(y) = −sin((N+½)y)/sin(y/2). म्हणून

R(y) = ∫ sin((N+½)t)/sin(t/2) dt, t = y पासून π पर्यंत

याला एकदा इंटिग्रेशन बाय पार्ट्स लावा. बाहेर 1/(N+½) येतो आणि उरलेलं सगळं 2/sin(y/2) च्या आत राहतं. 0 ते π मध्ये sin(y/2) हे y/π पेक्षा लहान नसतं, तेव्हा |R(y)| ≤ 2π/((N+½)y).

हे बंधन टोकाच्या अगदी जवळ, y शून्याकडे गेला की, निकामी होतं. तिथे वेगळं बघायचं. y जर 1/(N+½) पेक्षा लहान असेल तर सगळे sin ny धन असतात आणि प्रत्येक sin(ny)/n हे y पेक्षा मोठं नसतं, म्हणून S_N ही 0 आणि 2 च्या मध्ये राहते. तेव्हा R शून्य आणि π च्या मध्ये. आता वर्गाची सरासरी दोन तुकड्यांत काढा. वेव्ह विषम असल्याने 0 ते π चीच सरासरी पुरे. जवळचा तुकडा जास्तीत जास्त (1/π)·π²/(N+½), लांबचा जास्तीत जास्त (1/π)·4π²/(N+½). एकूण

R² ची सरासरी ≤ 5π/(N+½)

आणि हे शून्याकडे जातं. कुठलंही मोठं प्रमेय न वापरता π²/6 पूर्ण सिद्ध झालं. बंधन ढिलं आहे हे मान्य: N = 10 ला ते १.५ म्हणतं, प्रत्यक्षात चूक π²/3 − 2 × 1.549768 = 0.190 आहे. तिचं वर्गमूळ ०.४३६. N = 100 केलं तर हेच वर्गमूळ ०.१४१. दहापट पदं घेऊन चूक जेमतेम तिपटीने कमी झाली. उडी असलेल्या वेव्हची सिरीज अशीच रेंगाळते.

दुसरा रस्ता आता पटकन सांगता येईल. मूळ सिरीज 0 ते x इंटिग्रेट करा:

x²/2 = 2[(1 − cos x)/1 − (1 − cos 2x)/4 + (1 − cos 3x)/9 − …]

आता x = π घाला. सम n ला 1 − cos nπ शून्य, विषम n ला 2, आणि विषम पदांची चिन्हं सगळी अधिक. म्हणून π²/2 = 4(1 + 1/9 + 1/25 + …), म्हणजे विषमांची बेरीज π²/8. बरेच जण इथेच थांबून π²/8 खाली दोन रेघा मारतात. सम पदं राहिली: 1/4 + 1/16 + 1/36 + … म्हणजे S चा चौथा हिस्सा. म्हणून S − S/4 = π²/8, आणि S = π²/6. मघाशी x = π घातल्यावर काहीच मिळालं नव्हतं आणि आता मिळतं, ते का? इंटिग्रेट केल्यावर दात उरत नाहीत. x² ची पुनरावृत्ती −π आणि π ला नीट जुळते, उडी संपते. आणि पदागणिक इंटिग्रेशन चालतं का, याचं उत्तर वरच्याच बंधनात आहे. R² ची सरासरी शून्याकडे जात असेल तर R चं 0 ते π इंटिग्रलही शून्याकडे जातं. या रस्त्यात लोक इंटिग्रेशनचा स्थिरांक विसरतात. 0 ते x अशी मर्यादा घेतली की तो प्रश्नच येत नाही, म्हणून ∫ x dx + C असं लिहू नका.

शेवटी, कॉम्प्युटरवर पडताळून बघणार असाल तर नुसती पदं मिळवत बसू नका. हजार पदांनंतरही १.६४३९३ च येतं, तिसऱ्या दशांश स्थळावर अडकलेलं, आणि मग 'उत्तर जुळत नाही' असं वाटतं. शेपटी साधारण 1/(N+½) इतकी असते, कारण 1/n² हे 1/(n−½) − 1/(n+½) च्या अगदी जवळ आहे आणि हे फरकही वरच्यासारखेच खोडले जातात. तेवढी जोड द्या:

```python
from math import pi
N = 10
s = sum(1/n**2 for n in range(1, N+1))
print(s, s + 1/(N+0.5), pi**2/6)
```

दहाच पदांत १.५४९७६८ चं १.६४५००६ होतं, खरं मूल्य १.६४४९३४. उत्तर किंचित जास्त येतं आणि नेहमी जास्तच येणार, कारण तो फरक म्हणजे 1/(n² − ¼), जो 1/n² पेक्षा केसभर मोठा आहे.